पदवीच्या दिवशी हातात किती उरेल?

*मुलगी सिव्हिल इंजिनियर आहे, दोन वर्षं पुण्यात नोकरी करते, हातात महिना 42 हजार येतात. तिला इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय, 2026 च्या सप्टेंबरचा. फी 26 हजार पौंड. कन्सल्टन्सीवाले म्हणाले, फीचे 31 लाख, व्हिसा-तिकिटाचे 2 आणि सुरुवातीच्या खर्चाचे 3, म्हणजे 36 लाखांत सगळं बसतं. राहण्याखाण्याचं ती तिथे काम करून भागवेल. तिच्या लग्नासाठी ठेवलेली 14 लाखांची एफडी आहे. बाकीच्यासाठी शेतावर कर्ज काढू, असं हे म्हणतात. तीन एकर बागायत आहे. हे जिल्हा परिषदेत शिक्षक आहेत, निवृत्तीला चार वर्षं उरलीत. थोडं कमी पडलं तर माझा भाऊ द्यायला तयार आहे. हिशेब बरोबर आहे का? रात्री झोप लागत नाही.*
*– एक आई, सांगली जिल्हा*

ताई,

झोप लागत नाही याचं कारण मला तुमच्या पत्रातच दिसतंय. 36 लाख हा आकडा तुम्हाला मनातून पटलेला नाही, आणि तुमचं मन बरोबर सांगतंय. मी बरीच वर्षं बँकेत शिक्षणकर्जाच्या टेबलावर होते. असे कागद माझ्यासमोर रोज यायचे. त्यात लिहिलेले आकडे बहुतेक वेळा खरे असायचे, चूक असायची ती न लिहिलेल्या आकड्यांची.

आधी तो कागद पूर्ण करू. मी पौंड 120 रुपयांना धरते. तुम्ही करताना मोबाइलवर दिसणारा भाव घेऊ नका, बँक ज्या भावाने पौंड विकते तो घ्या. दोन्हींत फरक असतो आणि फी भरताना बँकेचाच भाव लागतो. फी 31 लाख 20 हजार, हे त्यांनी बरोबर सांगितलं. व्हिसाची फी 2025 च्या एप्रिलमध्ये 524 पौंड झाली. हे दर बहुधा एप्रिलमध्येच वाढतात, म्हणून आपण 560 धरू. त्याच अर्जासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो, आणि तो बऱ्याच जणांच्या हिशेबातून सुटतो. विद्यार्थ्यांना तो वर्षाला 776 पौंड आहे. कोर्स एक वर्षाचा असला तरी व्हिसा कोर्सच्या आधीचे-नंतरचे काही महिने धरून मिळतो, म्हणून दीड वर्षाचा, म्हणजे 1,164 पौंड भरावा लागतो. व्हिसा आणि अधिभार मिळून दोन लाखांच्या वर जातात, तेही अर्ज करतानाच, एकरकमी. व्हिसा नाकारला गेला तर अधिभार परत मिळतो, व्हिसाची फी मिळत नाही. तिकीट 60 हजार धरा. क्षयरोगाची तपासणी, ट्रान्सक्रिप्ट, कुरिअर वगैरे मिळून 40 हजार धरा.

आता राहण्याचा खर्च. इथे थोडं थांबू, कारण सगळा गोंधळ इथेच आहे.

ब्रिटिश सरकार व्हिसासाठी जी रक्कम दाखवायला सांगतं, ती लंडनबाहेर महिन्याला 1,171 पौंड, अशी 9 महिन्यांची. म्हणजे 10,539 पौंड, साधारण साडेबारा लाख. पुष्कळ पालक हाच राहण्याचा खर्च समजतात. पण ही फक्त दाखवायची रक्कम आहे. तुमची मुलगी तिथे 9 महिने राहणार नाही, 12 महिने राहणार आहे. शिवाय विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीचा करार बहुतेकदा 51 आठवड्यांचा असतो. आठवड्याला 160 पौंड भाडं धरलं तर 51 आठवड्यांचे 8,160 पौंड होतात. घरी स्वयंपाक करून खाण्याचे महिना 200 पौंड, बस, फोन आणि किरकोळ खर्चाचे 120. वर्षाचे मिळून 12,000 पौंड, म्हणजे 14 लाख 40 हजार. पहिल्या आठवड्यात जाड कोट, अंथरूण-पांघरूण, भांडी यांना 400 पौंड जातात. ही बेरीज कंजूष आहे असं कुणी म्हणेल. मी ती काटकसरीने राहणाऱ्या मुलीचीच मांडली आहे.

सगळं मिळून पदवीच्या दिवसापर्यंत 49 लाख होतात. कन्सल्टन्सीच्या कागदापेक्षा 13 लाख जास्त.

आणि पदवीच्या दिवशी खर्च थांबत नाही. कोर्स संपल्यावर नोकरी शोधायला वेळ लागतो. तीन महिने धरले तर भाडं-जेवण मिळून सुमारे साडेतीन लाख. तिथेच राहून नोकरी करायची तर ग्रॅज्युएट व्हिसा घ्यावा लागतो. पूर्वी तो दोन वर्षांचा मिळायचा. 1 जानेवारी 2027 पासून केलेल्या अर्जांना तो दीड वर्षाचाच मिळणार आहे, आणि तुमच्या मुलीचा अर्ज त्यानंतरचाच असेल. त्याची फी आणि आरोग्य अधिभार मिळून सुमारे 2,500 पौंड, म्हणजे तीन लाख. हा पैसा अशा दिवशी भरायचा असतो जेव्हा पगार सुरू झालेला नसतो आणि कर्जाची रक्कम वापरून झालेली असते. या साडेसहा लाखांची तरतूद इथून निघण्याआधी केलेली नसेल, तर पोरं दोन महिन्यांत जे मिळेल ते काम धरतात किंवा परत येतात. म्हणून मी तुमचा हिशेब साडेपंचावन्न लाखांचा मांडते.

"ती काम करून भागवेल" या वाक्यावर मला तुमच्याशी बोलायचंय. मुलगी कष्टाळू आहे, ती काम करेलच. पण सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं. सुट्टीत पूर्णवेळ करता येतं असं ऐकून तुम्ही उन्हाळ्यावर भिस्त ठेवाल. पण एमएस्सीच्या विद्यार्थ्याला उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो आणि तो काळही सत्रातच धरला जातो. तिथलं किमान वेतन 2026 च्या एप्रिलपासून ताशी 12.71 पौंड आहे. अभ्यास सांभाळून आठवड्याला 12 तास काम मिळालं, तर हातात 150 पौंडांच्या आसपास येतात. म्हणजे खोलीचं भाडंही पुरतं निघत नाही, आणि हे काम मिळाल्यानंतरचं; पहिले दोन-तीन महिने ते न मिळणं अगदी नेहमीचं आहे. शिवाय व्हिसासाठी पैसे दाखवताना ही कमाई मुळीच धरली जात नाही. त्यामुळे मूळ हिशेबात ती शून्य लिहा. मिळाली तर ती पदवीनंतरच्या तीन महिन्यांसाठी बाजूला ठेवायला सांगा.

आता कर्ज. शेतावर कर्ज काढू, असं यजमान म्हणतात, आणि त्यांना ते साहजिक वाटतं. पीककर्ज त्याच सातबाऱ्यावर मिळतं ना! पण शिक्षणकर्जाला बँका सहसा शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. कर्ज थकलं तर तारण विकून वसुली करण्याचा अधिकार बँकांना 2002 च्या सरफेसी कायद्याने मिळतो आणि त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. बागायत कितीही सोन्यासारखी असली तरी बँकेच्या या टेबलावर तिचं वजन पडत नाही. गावठाणातल्या घराचंही तसंच होतं. ग्रामपंचायतीचा नमुना 8 असतो, पण खरेदीखताची सलग साखळी नसते, आणि बँकेचा वकील सर्च रिपोर्टमध्ये तिथेच अडतो. बिगरशेती प्लॉट, शहरातला फ्लॅट, एफडी किंवा विम्याची पॉलिसी हे चालतं. नातेवाइकाचा फ्लॅटही अनेक बँका घेतात, मात्र मालकाला जामीनदार म्हणून सही करावी लागते. कुणाकडे तो मागण्याआधी, कर्ज थकलं तर काय होईल हे त्या माणसाला स्पष्ट सांगा.

तारण नसेल तर साडेसात लाखांच्या पुढे सरकारी बँकेत वाट अरुंद होते. काही नामवंत विद्यापीठांच्या यादीवर विनातारण कर्ज मिळतं, तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का ते विचारा. नाहीतर खासगी वित्तसंस्था उरतात, त्यांचा व्याजदर जास्त असतो. आणि पीएम विद्यालक्ष्मी योजनेचं नाव कुणी घेतलं, तर ती भारतातल्या संस्थांत शिकणाऱ्यांसाठी आहे, परदेशासाठी नाही.

समजा तारणाची सोय झाली आणि 10 टक्क्यांनी 35 लाख मिळाले. तुमचे 14 आणि कर्जाचे 35, बरोबर 49. पदवीपर्यंतचा हिशेब जुळला आणि पदवीच्या दिवशी हातात शून्य. आता कर्जाचं काय होतं ते बघा. पैसे एकदम उचलले जात नाहीत, फीच्या हप्त्यांप्रमाणे जातात. 20 लाख ऑगस्ट 2026 मध्ये आणि 15 लाख जानेवारी 2027 मध्ये गेले असं धरू. हप्ता कोर्स संपल्यावर वर्षाने, म्हणजे ऑगस्ट 2028 च्या सुमाराला सुरू होतो. मधल्या काळात हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. सरळव्याजाने 20 लाखांवर दोन वर्षांचे 4 लाख आणि 15 लाखांवर एकोणीस महिन्यांचे सुमारे 2 लाख 37 हजार होतात. पहिला हप्ता येतो तेव्हा कर्ज 35 लाख नसतं, 41 लाख 37 हजार असतं. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण 54,700 रुपये, पंधरा वर्षांत 44,500. तुमच्या मुलीचा आजचा सगळा पगार 42 हजार आहे.

यजमानांच्या पगारातून मधल्या काळातलं व्याज दरमहा भरलं, तर पूर्ण रक्कम उचलल्यावर ते महिना 29 हजारांच्या आसपास पडेल. कर्ज 35 लाखांवरच थांबेल आणि दहा वर्षांचा हप्ता 46 हजारांवर येईल. हे करण्यासारखं आहे. पण हप्ते 2028 ला सुरू होतात आणि यजमान 2030 मध्ये निवृत्त होतात. सहकर्जदार म्हणून सही त्यांचीच असणार. म्हणून हप्ता मुलीच्याच कमाईतून निघतो का, हे आधी तपासावं लागतं.

ती तपासणी मी दोनदा करते, एकदा तिथल्या पगारावर आणि एकदा इथल्या. ग्रॅज्युएट व्हिसाचं दीड वर्ष संपल्यावर तिथे राहायचं तर कंपनीने स्किल्ड वर्कर व्हिसा काढून द्यावा लागतो. नवीन पदवीधरासाठी त्याची पगाराची अट सध्या वर्षाला 33,400 पौंड आहे. एवढ्या पगारात कर कापून महिन्याला सुमारे 2,300 पौंड हातात येतात. राहण्याखाण्याचे 1,400 गेले तरी 900 पौंड, म्हणजे लाखाच्या वर उरतात. हप्ता आरामात जातो. पण अशी नोकरी मिळेलच यावर घर गहाण ठेवता येत नाही. परत येऊन पुण्यात तिला हातात 70 हजार मिळाले असं धरलं, तर त्यातले 28 हजारांपेक्षा जास्त हप्त्यात जाऊ नयेत असं माझं मत आहे. भाडं, आजारपण, लग्न हे सगळं उरलेल्यातूनच करायचं असतं. 28 हजारांच्या हप्त्यात 10 टक्क्यांनी पंधरा वर्षांत सुमारे 26 लाखांचं कर्ज फिटतं. म्हणून तुमच्या घरासाठी मी कर्जाची मर्यादा 26 लाख ठरवते, आणि तीही मधलं व्याज यजमानांनी भरत राहिलं तरच. ते भरणार नसतील तर 22 लाख.

आता खरी वजाबाकी करा. साडेपंचावन्न लाखांतून तुमचे 14 आणि कर्जाचे 26 वजा केले, की साडेपंधरा लाखांची खिंड उरते. प्रश्न मुलीला पाठवायचं की नाही हा नाही. ही खिंड कशाने भरायची, हा आहे.

एक वाट विद्यापीठाकडे शिष्यवृत्तीसाठी लिहिण्याची. प्रवेश मिळाल्यावरही काही विद्यापीठं फीत सवलत देतात, मागावी मात्र लागते. 5,000 पौंड मिळाले तर 6 लाख कमी होतात. दुसरी वाट प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची. बहुतेक विद्यापीठं ते करू देतात. अनामत भरली असेल तर ती पुढच्या वर्षी धरली जाईल का, हे ईमेलवर लिहून घ्या. त्या वर्षात मुलगी महिना 20 हजार बाजूला टाकू शकली तर अडीच लाख जमतील आणि तारणाचे कागद शांतपणे होतील. तिसरी वाट 20 हजार पौंडांच्या आसपास फी असलेला तोच विषय शोधण्याची, तिथे 7 लाख वाचतात. सिव्हिलच्या मुलीने जर्मनीचाही विचार करावा असं मला मनापासून वाटतं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावे लागतात, पण ती फी नव्हे. तिचेच पैसे महिना 992 युरोने तिला परत मिळतात. कोर्स दोन वर्षांचा असतो आणि नोकरीसाठी जर्मन भाषा यावी लागते, ही त्याची किंमत.

तुम्ही अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गात असाल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे निकष आधी बघा. मराठा समाजासाठी सारथीची परदेश शिष्यवृत्ती आहे. मिळाली तर हा सगळा हिशेब बदलतो.

भावाच्या पैशाबद्दल. त्यांनी देऊ केलं हे मोठं मन आहे, पण व्हिसासाठी मामाच्या खात्यातले पैसे चालत नाहीत. विद्यार्थ्याचं स्वतःचं, आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं खातंच चालतं. ते पैसे तुमच्या खात्यात आणायचे असतील तर लवकर आणा, कारण रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी लागते आणि त्या 28 दिवसांत एक दिवसही ती कमी झालेली चालत नाही. एक मुलगा मला आठवतो. सत्ताविसाव्या दिवशी त्याच्या वडिलांनी त्याच खात्यातून खतांचं बिल दिलं आणि अर्ज नाकारला गेला. बँकेचं शिक्षणकर्ज मंजुरीपत्र असेल तर त्या रकमेला 28 दिवसांची अट लागत नाही, म्हणूनही कर्ज लवकर मंजूर करून घेणं सोयीचं. एफडी तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर असेल तर मुलीचा जन्मदाखला आणि संमतिपत्र जोडावं लागतं. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, किंवा आईचं माहेरचं नाव असतं. तो दाखला आजच कपाटातून काढून बघा. नाव चढवून घ्यायला ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत वेळ जातो.

एफडी एकदम मोडू नका. बँक मंजूर खर्चाचे सहसा 85 टक्के देते आणि उरलेले 15 टक्के प्रत्येक हप्त्याला तुम्ही घालायचे असतात. शिवाय प्रवेशाची अनामत, व्हिसा आणि आरोग्य अधिभार हे कर्जाचा पहिला पैसा येण्याआधीच खिशातून जातात. बँकेच्या शिक्षणकर्जातून परदेशी गेलेल्या पैशावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, कापला जात नाही. स्वतःच्या पैशातून एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकतो. तुमचे पैसे दोन आर्थिक वर्षांत विभागून गेले तर तो प्रश्नच येणार नाही.

या आठवड्यात दोन कामं करा. यजमानांना बँकेत पाठवा, पण "कर्ज मिळेल का" असं विचारू देऊ नका. आमच्याकडे शेतजमीन आणि गावठाणातलं घर आहे, यातलं तारण म्हणून काय घ्याल, मधल्या काळातलं व्याज सरळ की चक्रवाढ, आणि विद्यापीठ तुमच्या यादीत आहे का, हे तीनच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून आणायची. दुसरं, मुलीला विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती विभागाला ईमेल लिहायला सांगा, आणि त्याच ईमेलमध्ये प्रवेश 2027 ला नेता येईल का हेही विचारायला सांगा. दोन्हीकडची उत्तरं आली की साडेपंधरा लाखांची खिंड पुन्हा मोजा. ती पाच-सहा लाखांवर आली असेल तर मुलीला यंदाच पाठवा, भावाची मदत तेवढ्यासाठी घ्या. दहाच्या वर राहिली असेल, तर प्रवेश पुढे ढकलायचं पत्र मुलीने अनामत भरायच्या शेवटच्या तारखेआधी पाठवावं.